पाट्टीचं डिकॉक्शन

कुंभकोणममधल्या एका स्वयंपाकघरात भल्या पहाटे पाट्टीने पितळी फिल्टर नातीच्या हातात दिला. एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या बुडाला बारीक भोकं.

"तीन चमचे पूड घाल, शिगोशीग."

पुडीत पाचवा हिस्सा चिकोरी होती. चिकोरी पाणी धरून ठेवते, म्हणून ते सावकाश झिरपतं आणि रंग गडद येतो. शुद्ध कॉफीवाले नाकं मुरडतात, मुरडोत बापडे.

नातीने दांड्याच्या चकतीने पूड चांगली जोर लावून दाबली, वर उकळतं पाणी ओतलं, झाकण लावलं. दहा मिनिटांनी पाहिलं, तर खालचं भांडं जवळजवळ कोरडंच.

"घट्ट दाबलीस, कण्णा. पाण्याने जायचं कुठून?"

पाट्टीने चमच्याच्या टोकाने चकती अलगद सैल केली आणि थेंब सुरू झाले. पूड अगदीच मोकळी राहिली असती, तर पाणी भरकन उतरून डिकॉक्शन फिकं झालं असतं. चकती फक्त पूड सपाट करण्यापुरती.

काळंभोर डिकॉक्शन जमलं, तशी नात ते तापवायला निघाली. पाट्टीने हात धरला. उकळलं की ते कडवट होतं, वास उडून जातो. उकळायचं ते दूध. टंबलरमध्ये एक भाग डिकॉक्शन, तीन भाग दूध, साखर. मग टंबलरमधून डबऱ्यात, डबऱ्यातून टंबलरमध्ये ओतायचं, म्हणजे साखर विरघळते आणि फेस येतो.

नातीची पहिलीच धार ओट्यावर गेली.

"आधी जवळून ओत, उंची मग वाढव. आणि ताता उठायच्या आत ओटा पूस."