सिम स्वॅप: नंबर तोच, सिम दुसऱ्याच्या हाती

मोबाइल नंबर सिम कार्डात नसतो. प्रत्येक सिमला स्वतःचा ओळखक्रमांक असतो आणि कोणता नंबर कोणत्या सिमला जोडायचा, याची नोंद मोबाइल कंपनीच्या संगणकात असते. सिम हरवले किंवा खराब झाले, तर कंपनी तोच नंबर नव्या सिमला जोडून देते आणि जुने सिम त्याच क्षणी बंद पडते. ग्राहकांच्या सोयीची ही व्यवस्था भामट्याने वापरली, की तिला सिम स्वॅपची फसवणूक म्हणतात. बँकेचे ओटीपी नंबरवर येतात, म्हणजे नंबर ज्या सिमला जोडलेला असेल तिथेच ते जातात.

डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत माहीमच्या एका कापड व्यापाऱ्याला रात्री सहा मिस्ड कॉल आले. सकाळी फोन बंद होता. चौकशी केली तेव्हा रात्रीच सिम बदलण्याची विनंती नोंदवली गेल्याचे कळले. तोवर खात्यातून २८ व्यवहारांत १ कोटी ८६ लाख रुपये निघून गेले होते. मिस्ड कॉलमुळे पैसे गेले, असा समज तेव्हा पसरला, पण तो खरा नाही. मिस्ड कॉलने सिम बदलत नाही. असे कॉल लावण्यामागे माणसाने कंटाळून फोन बंद ठेवावा, म्हणजे नेटवर्क गेल्याचे त्याच्या लक्षात येणार नाही, असा डाव असू शकतो.

खरी तयारी आधीच झालेली असते. बनावट लिंकवरून किंवा बँकेच्या नावाने आलेल्या फोनवरून नेट बँकिंगचा पासवर्ड, कार्डाचा तपशील, जन्मतारीख गोळा केली जाते. त्यानंतर सिम दोन मार्गांनी मिळवले जाते. एका मार्गात बनावट ओळखपत्र घेऊन भामटा कंपनीच्या दुकानात जातो आणि सिम हरवल्याचे सांगतो. कधी दुकानातलाच कोणी सामील असतो. दुसऱ्या मार्गात ग्राहकाकडूनच काम करून घेतले जाते. ‘तुमचे सिम अपग्रेड करायचे आहे’ असा फोन येतो. सांगितलेला लांबलचक क्रमांक कंपनीला एसएमएस करायला लावतात आणि नंतर आलेल्या मेसेजला होकार द्यायला लावतात. तो क्रमांक भामट्याच्या हातातल्या कोऱ्या सिमचा असतो. भारतातल्या सिमवर तो सहसा ८९९१ ने सुरू होतो. ई-सिमच्या बाबतीत ग्राहकाच्या मेसेजमधून भामट्याचा ईमेल पत्ता नोंदवून घेतला जातो आणि नंबर सुरू करणारा क्यूआर कोड तिकडे जातो.

माहीमचा प्रकार एका रात्रीत उरकला. आता तेवढे सोपे राहिलेले नाही. २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना आदेश दिला, की सिम बदलल्यावर पहिले २४ तास नव्या सिमवरून एसएमएस जाऊ-येऊ द्यायचे नाहीत. शिवाय १ जुलै २०२४ पासून, सिम बदलल्यावर सात दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. मात्र पहिली बंदी एसएमएसपुरती आहे. फोन कॉल तिच्यात येत नाहीत. आणि चोवीस तास संपले, की ओटीपी भामट्याच्या हाती पडू लागतात. म्हणून हा एक दिवस मूळ ग्राहकाच्या सर्वात कामाचा असतो.

आसपासच्या त्याच कंपनीच्या फोनना रेंज आहे आणि आपल्याच फोनवर ‘नो सर्व्हिस’ दिसते आहे, फोन बंद करून चालू केल्यावरही तेच, तर घरातल्या दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारावे, की सिम बदलण्याची विनंती नोंदली आहे का. वाय-फाय चालू असल्यामुळे व्हॉट्सअॅप सुरू राहते आणि नेटवर्क गेल्याचे तासन्‌तास कळत नाही, इकडे विशेष लक्ष हवे. विनंती नोंदलेली निघाली, तर नंबर बंद करायला सांगून लगेच बँकेला फोन करावा आणि नेट बँकिंग, यूपीआय व कार्डे थांबवावीत. पैसे गेले असतील तर १९३० वर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करावी. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता असते.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकावर नुकसान पडत नाही. पासवर्ड किंवा ओटीपी स्वतः दिला असेल, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच. बँकेची सूचना मात्र एसएमएसने भामट्याकडेच जाते. त्यासाठी खात्याला ईमेलवरच्या सूचनाही जोडून घ्याव्यात, आणि त्या ईमेलचा पासवर्ड याच नंबरच्या ओटीपीने बदलता येणार नाही, अशी सोय करावी.

सिमला पिन लावल्याने फोन चोरीला गेल्यावर उपयोग होतो, सिम स्वॅप त्याने थांबत नाही. नवे सिम त्या पिनशिवायच सुरू होते. त्यापेक्षा बँकेसाठी वेगळा, चारचौघांत न वापरलेला नंबर ठेवणे आणि नेट बँकिंगमधली दैनंदिन व्यवहाराची मर्यादा गरजेपुरतीच ठेवणे अधिक कामाचे. सिम भामट्याच्या हाती गेले तरी त्या मर्यादेपलीकडची रक्कम एका दिवसात काढणे त्याला अवघड जाते.