तलफ तोंडाची की निकोटिनची?

तंबाखू सोडायची ठरवली की पहिला सल्ला ठरलेला असतो: खिशात बडीशेप ठेवा. कोणी दालचिनीची काडी चघळायला सांगतं, कोणी लवंग, कोणी बिनसाखरेचं च्युइंगगम. सल्ला चांगला आहे. पण मूठ मूठ बडीशेप खाऊनही जीव कासावीस होतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी चुन्याची डबी पुन्हा उघडते आणि आपल्यात निग्रहच नाही, असं त्या माणसाला वाटू लागतं. बहुतेकदा गफलत वेगळीच असते. बडीशेपेला जमणार नाही असं काम तिच्यावर सोपवलेलं असतं.

महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यतः चघळणाऱ्यांचा आहे. 2016-17 च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले सुमारे 24 टक्के लोक तंबाखू खाणारे किंवा मिसरी लावणारे होते. विडी-सिगारेट ओढणारे चार टक्क्यांच्या आत. तळहातावर चुना घालून तंबाखू मळली की निकोटिनचं रूप बदलतं आणि ते गालाच्या आतल्या अस्तरातून झपाट्याने रक्तात उतरतं. बार गालात असेपर्यंत, म्हणजे वीस मिनिटं ते अर्धा तास, ते झिरपत राहतं. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि शरीर पुन्हा मागणी करतं. या रसायनाला बडीशेपेत पर्याय नाही. दालचिनीत नाही, साध्या गममध्येही नाही.

तरीही या गोष्टी उपयोगी पडतात, कारण प्रत्येक तलफ निकोटिनची नसते. समजा, 45 वर्षांचा एक ट्रकचालक दिवसाला दहा बार लावतो. पहिला बार उठल्या उठल्या, त्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणून. दुसरा चहानंतर. मग माल चढवताना हमालांसोबत, जेवणानंतर, टोलनाक्यावर गाडी थांबली की, रात्री डोळा लागू नये म्हणून. यातला पहाटेचा बार रात्रभराच्या उपाशी शरीराने मागितलेला असतो. टोलनाक्यावरचा मात्र हाताने मागितलेला असतो: गाडी थांबली की हात खिशाकडे जातोच. अशी सवयीची लाट पाच-दहा मिनिटांत ओसरते, आणि तेवढा वेळ तोंड गुंतवायला बडीशेप पुरते.

दोन्ही तलफा वेगळ्या ओळखता येतात. ठरावीक जागी, ठरावीक माणसांत आठवण होते आणि तिथून उठलं की विसर पडतो, ती सवय. दिवसभर चिडचिड, डोकं जड, कामात लक्ष नाही, झोप उडालेली, ही निकोटिनची ओढ. ती पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत तीव्र असते आणि दोन ते चार आठवड्यांत बरीच निवळते. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागत असेल, तर अवलंबित्व खोल आहे असं धरावं.

आता बडीशेप कशी वापरायची? रंगीत, साखरेत घोळलेली नको. दिवसातून दहादा तोंडात टाकली तर दात किडतील. साधी बडीशेप आणि ओवा मंद आचेवर कोरडा भाजून, किंचित काळं मीठ लावून ठेवावा. ओव्याचा तिखटपणा महत्त्वाचा, कारण तंबाखू खाणाऱ्याच्या जिभेला चुणचुणीची सवय असते आणि नुसती गोडसर चव तिला फिकी वाटते. चिमूट पटकन चावून गिळू नये, गालात धरून हळूहळू चघळावी. डबी मात्र चुन्याची वापरू नये. तंबाखूतच बडीशेप मिसळून खाण्याने तर काही साधत नाही. मळणं, थापटणं, बार भरणं सगळं जसंच्या तसं चालू राहतं.

दालचिनीची काडी ओढणाऱ्यांना जास्त जवळची, कारण ती दोन बोटांत धरता येते, ओठांत ठेवून तिच्यातून श्वास घेता येतो. चघळणाऱ्यांनी मात्र जपून. दालचिनीतल्या तेलाने काहींच्या तोंडाचं अस्तर लाल होतं, सोलवटतं. शिवाय बाजारात स्वस्त मिळणारी जाड सालीची दालचिनी कॅशिया जातीची असते. तिच्यातलं कौमारिन रोज मोठ्या प्रमाणात पोटात गेलं तर यकृताला अपायकारक ठरू शकतं. काडी तोंडात धरावी, चावून खाऊ नये.

इथेच एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. गुटखा, मावा, खर्रा खाल्लेल्या माणसाला दालचिनी, लवंग किंवा साधी भाजीसुद्धा झोंबू लागली असेल, तर तो मसाल्याचा दोष समजून सोडून देऊ नये. सुपारीमुळे तोंडाचं अस्तर आखडत जाण्याच्या आजाराचं ते सुरुवातीचं लक्षण असू शकतं. स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का, ते पाहावं. जात नसतील तर थेट दंतवैद्याकडे जावं. हा आजार पुढे कर्करोगाकडे वळू शकतो.

म्हणूनच 'तंबाखू नाही' असं लिहिलेली सुगंधी सुपारी पर्याय म्हणून घेणं सर्वांत घातक. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, तंबाखू असो वा नसो. तंबाखू सोडली म्हणून सुपारीवर आलेला माणूस सुटला असं घरच्यांना वाटतं, आणि हा गैरसमज मला फार काळजीचा वाटतो.

बिनसाखरेचं च्युइंगगम बडीशेपेपेक्षा जास्त वेळ टिकतं, लाळ सुटते, दातांना त्रास नाही. पण त्यातलं सॉर्बिटॉल जास्त झालं की पोट फुगतं, जुलाब होतात. जबडा दुखत असेल किंवा तोंड कमी उघडत असेल तर गम नकोच.

निकोटिन गम ही वेगळी वस्तू. 1960 च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये तिची कल्पना निघाली ती पाणबुडीवरच्या खलाशांकडे पाहून: बुडी मारल्यावर सिगारेट ओढता येत नसे, तेव्हा ते तोंडात ठेवायच्या तंबाखूवर भागवत. आपल्याकडे ती 2 आणि 4 मिलिग्रॅमची मिळते. अवलंबित्व जास्त असेल तर डॉक्टर 4 ची देतात. ती साध्या गमसारखी सतत चावली की निकोटिन पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं आणि तलफ तशीच राहते. चुणचुण जाणवेपर्यंत सावकाश चावायची, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायची. चुणचुण गेली की पुन्हा थोडी चावायची. असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबूपाणी टाळायचं, कारण आंबटपणाने निकोटिनचं शोषण मंदावतं. गरोदर स्त्रिया आणि नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

निकोटिन देणाऱ्या अशा उपचारांनी सुटण्याची शक्यता सुमारे दीडपट होते, हा आकडा धूम्रपान करणाऱ्यांवरच्या अभ्यासांतला आहे. चघळणाऱ्यांत गमचा फायदा तितका ठळक दिसलेला नाही. तिथे समुपदेशनाचा, फोनवरच्या सुद्धा, उपयोग जास्त स्पष्ट दिसला आहे. केंद्र सरकारची 1800-11-2356 ही मोफत मदतवाहिनी त्यासाठीच आहे.

त्या ट्रकचालकाने मग पहाटेच्या बारासाठी कोमट पाणी, रात्री इसबगोल आणि डॉक्टरांनी दिलेला गम ठेवावा. निकोटिनने आतडी हलतात, त्यामुळे सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होऊ शकतं. चहानंतर आणि टोलनाक्यावर ओवा-बडीशेप. हमालांसोबतच्या बारासाठी मात्र तोंडात टाकायची कुठलीच वस्तू भरवशाची नाही, कारण तिथे समोरून मळलेली तंबाखू पुढे येते. पहिले तीन-चार आठवडे माल चढेपर्यंत त्याने लांबच उभं राहावं, आणि सोडली आहे हे त्या मंडळींना आधीच सांगून ठेवावं.