‘दूर’ आणि ‘धूर’: कान कुठे लावायचा?

सिरोंचा तालुक्यातल्या एका वस्तीत आम्ही अभ्यासवर्ग घेत होतो. श्रुतलेखनात आम्ही ‘धूर’ सांगितले, चौथीतल्या एका मुलीने ‘दूर’ लिहिले. असल्या चुकांवर शाळेच्या वहीत लाल शाईने ‘निष्काळजीपणा’ असा शेरा पडतो. पण ही मुलगी निष्काळजी नव्हती. तिला दोन्ही शब्द एकच ऐकू येत होते.

याचे कारण तिच्या घरच्या भाषेत आहे. तेलुगू, गोंडी, माडिया या द्राविडी कुळातल्या भाषा, आणि मूळ द्राविडी शब्दांत महाप्राण नाहीत. तेलुगू लिपीत ख, ध ही अक्षरे आहेत, पण ती मुख्यतः संस्कृतातून आलेल्या शब्दांसाठी. रोजच्या बोलण्यात त्यांचा महाप्राण बरेचदा गळतो.

आम्ही आधी सगळे महाप्राण एकाच युक्तीने शिकवायला गेलो. तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची: ‘ताट’ म्हणताना ती जेमतेम हलते, ‘थाट’ म्हणताना उडते. मुलांना मजा आली, पण ‘दूर’ आणि ‘धूर’ यांच्या बाबतीत पट्टी नीट साथ देईना.

याचे उत्तर जुन्या संशोधनात आहे. लिस्कर आणि एब्रॅमसन या अमेरिकी अभ्यासकांनी १९६४ साली ११ भाषांमधली एक गोष्ट मोजली. त्यांत मराठी होती, तमिळही होती. ओठ किंवा जीभ सुटल्यानंतर कंठातला नाद किती उशिरा सुरू होतो, हे त्यांना पाहायचे होते. त-थ या मापाने वेगळे होतात, कारण ‘थ’मध्ये मध्येच नुसती हवा जाते. द-ध मात्र होत नाहीत. दोन्हींत नाद जीभ सुटण्याआधीच सुरू झालेला असतो. ‘ध’चा वेगळेपणा पुढच्या स्वराच्या आरंभात असतो. तिथे आवाज सैल, श्वासमिश्रित होतो आणि किंचित खाली उतरतो.

म्हणून आम्ही दोन वेगळे पाठ केले. ‘थ’साठी व्यंजन आणि स्वर यांमधली फट ऐकायची. ‘ध’साठी व्यंजन सोडून द्यायचे आणि ‘ऊ’ कसा सुरू होतो तिकडे कान द्यायचा. लिहायला लावायचे नाही, बोलायलाही नाही. दोन चित्रे ठेवायची, शब्द ऐकून एकावर बोट ठेवायचे, चुकले तर लगेच सांगून तोच शब्द पुन्हा ऐकवायचा. आवाजही बदलते हवेत: आजी, दादा, लहान पोर. एकाच ताईचा आवाज ऐकवला तर मुले ताईची लकब पाठ करतात, ध्वनी नाही.

खरेच ऐकू येते का, हे नव्या माणसाच्या आवाजात तपासावे. २० शब्दांत १० बरोबर म्हणजे नुसता अंदाज. १५ किंवा जास्त आले तर कान उघडू लागला असे आम्ही धरतो.

शब्दाच्या शेवटी फरक फारच पुसट होतो. ‘पाट’ आणि ‘पाठ’ यांत कधीकधी आम्हीही अडखळतो! त्यांना पुढे स्वर जोडून ‘पाटात’, ‘पाठात’ असे ऐकवावे लागते. ती मुलगी सध्या तिथे पोचली आहे.