‘पाणी कुठं जातं?’

चार वर्षांची मुलगी न्हाणीघरात उभी आहे. अंघोळ झाली आहे, साबणाचा फेस मोरीच्या जाळीकडे निघाला आहे. ती विचारते, “बाबा, पाणी कुठं जातं?”

बाबांना उत्तर येत असतं, तिथंच घोटाळा होतो. पाइप, गटार, खाडी, समुद्र, मग वाफ, ढग आणि पुन्हा पाऊस असं सगळं ते हौसेनं सांगतात. मुलगी मान डोलावते. दुसऱ्या दिवशी मात्र ती मोरीजवळ जायलाच तयार नसते, आणि हट्ट करते म्हणून ओरडा खाते.

या वयाची मुलं शब्दांत थोडंच मांडतात. बाकीचं त्यांच्या नजरेत, बोटात आणि ती कुठं उभी आहेत त्यात असतं. ‘पाणी कुठं जातं’ म्हणजे मोरीतलं, पुसलेल्या फरशीवरून वाळलेलं, की सकाळी नळाचं ‘गेलेलं’? त्यामुळे उत्तराआधी एक साधी चौकशी हवी. पण ती कशी करायची?

बहुतेक घरांत लगेच विचारलं जातं, “तुला काय वाटतं?” हेतू चांगला असतो, पण चार वर्षांच्या पोराला ही तोंडी परीक्षाच वाटते. मग ते “माहीत नाही” म्हणतं, नाहीतर काहीतरी रचून सांगतं. जाँ पियाजे यांनी १९२० च्या दशकात मुलांशी बोलण्याची जी पद्धत बसवली, तिच्यात त्यांनी याच धोक्यावर बोट ठेवलं होतं: फार विचारलं की मूल गोष्ट रचतं, आणि प्रश्नात उत्तर सुचवलं की तेच परत देतं.

“पाइपातून कसं जातं, असं विचारतेयस का?” हा प्रश्नही कामाचा नाही. त्यावर मूल “हो” म्हणेल, पण त्या ‘हो’ला फारसा अर्थ नसतो. मार्टिन ह्यूज आणि रॉबर्ट ग्रीव्ह या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच आणि सात वर्षांच्या मुलांना ‘दूध पाण्यापेक्षा मोठं असतं का?’ असे निरर्थक प्रश्न विचारले होते. बहुतेक मुलांनी न गोंधळता उत्तरं दिली. मोठ्यांनी विचारलंय म्हणजे काहीतरी सांगायलाच हवं, अशीच त्यांची समजूत असावी.

आता तोच प्रसंग वेगळ्या तऱ्हेनं पाहू. बाबा उकिडवे बसतात, म्हणजे त्यांचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर येतो.

“कुठलं पाणी गं? दाखव बरं.”

ती जाळीकडे बोट करते. “हे. घर्रर्र करतं ते.”

“घर्रर्र करतं तेव्हा काय होतं?”

“ते ओढतं.”

“काय काय ओढतं?”

“पाणी. फेस.” मग ती गप्प होते. इथं बाबाही गप्प राहतात, आणि नेमकं हेच अवघड असतं. मेरी बड रो या संशोधिकेला वर्गांमध्ये आढळलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त आणि लांब उत्तरं देतात. घरात आपली घाई शिक्षकांपेक्षा कमी नसते.

“पाय पण ओढतं?” मुलगी हळूच विचारते.

खरा प्रश्न हा होता! त्याला खाडी आणि ढग काय कामाचे? बाबा प्लास्टिकचा मग जाळीवर ठेवतात आणि वरून पाणी ओततात. पाणी जातं, मग राहतो. मग तिची बाहुली ठेवतात, मग स्वतःचा तळवा. “बघ, एवढ्याशा भोकातून काय जाईल?” ती एक बोट टेकवून बघते. पाय ठेवायचा की नाही, ते तिच्यावर सोडावं.

बाबांच्या उलटप्रश्नांत तिचेच शब्द होते: ‘घर्रर्र’, ‘ओढतं’. ‘का’ एकदाही नव्हता, कारण ‘असं का वाटतं?’ या प्रश्नाला कारण जुळवून सांगावं लागतं आणि लहान पोरांना ते जड जातं. शिवाय घरात ‘का’ बहुधा रागावतानाच ऐकलेला असतो. एकच प्रश्न त्यांनी दोनदाही विचारला नाही. तसं केलं की पहिलं उत्तर चुकलं असं समजून मूल ते बदलतं.

नेम चुकला हे ओळखणं सोपं आहे. थोड्या वेळानं तोच प्रश्न त्याच शब्दांत परत आला, तर आपण भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं असण्याची शक्यता मोठी. उत्तर लागू पडलं की पुढचा प्रश्न सहसा वेगळा येतो: “मग मुंगी जाईल?” पाइप आणि गटार काढायचं ते तेव्हा.

अर्थात दोन-तीन उलटप्रश्नांपलीकडे जाऊ नये. भुकेल्या किंवा पेंगुळलेल्या पोराला तर एकही नको. आणि काही प्रश्न मुळात सैल नसतातच. “आई कधी येणार?” यावर “तुला काय वाटतं?” म्हणणं म्हणजे शुद्ध टाळाटाळ. तिथं सरळ सांगावं, फक्त घड्याळ न कळणाऱ्याला कळेल अशा वेळेत: “आपण कुकर लावू, शिट्ट्या होतील, मग आई येईल.”