मराठी डबिंग : बोलणे पुसले की पार्श्वध्वनी उरतो का?

एखाद्या व्हिडिओतील मूळ बोलण्यावर मराठी आवाज चढवायचा, मागचे नदीचे, पावसाचे, माणसांच्या वावराचे आवाज तसेच ठेवायचे आणि वेळही साधारण जुळवायची, या प्रकाराला व्यवसायात व्हॉइस-ओव्हर पद्धतीचे डबिंग म्हणतात. बातमीपटांत आणि माहितीपटांत ही पद्धत सर्रास वापरली जाते. चित्रपटाच्या डबिंगमध्ये मूळ संवाद पूर्ण काढून नवे संवाद ओठांवर बसवतात. व्हॉइस-ओव्हरमध्ये मूळ माणसाचा आवाज दबलेला का होईना, ऐकू येत राहतो.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यासारख्या भागात या कामाची गरज वारंवार पडते. काळी नदीच्या खोऱ्यातील या जंगलपट्ट्यात कुणबी शेतकरी कोकणी बोलतात, सरकारी कारभार कन्नडमध्ये चालतो आणि रामनगर परिसरात मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. इथले कुणबी अनेक जातींचे कंद लावतात आणि जोयड्यात कंदमुळांचा मेळाही भरतो. अशा शेतीविषयी कोकणीत किंवा कन्नडमध्ये मोबाइलवर टिपलेली मुलाखत मराठीत आणायची म्हटली, की एक समजूत हमखास पुढे येते.

मुख्य गैरसमज : मूळ बोलणे पुसून टाकले, की पार्श्वध्वनी आपोआप शिल्लक राहतो

ही समजूत चित्रपटांवरून आली आहे. मोठ्या निर्मितीत संवाद, संगीत आणि ध्वनिपरिणाम पहिल्यापासून वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात. दुसऱ्या भाषेसाठी संवाद वगळून उरलेला भाग स्वतंत्र दिला जातो. त्याला ‘एम अँड ई’ म्हणजे म्युझिक अँड इफेक्ट्स ट्रॅक म्हणतात. ‘वाइल्ड कर्नाटक’ या माहितीपटाला इंग्रजीत डेव्हिड अॅटनबरो, हिंदीत राजकुमार राव आणि कन्नडमध्ये ऋषभ शेट्टी यांचे निवेदन लाभले. निवेदन हा नंतर जोडलेला वेगळा थर असतो, म्हणून भाषा बदलताना जंगलाच्या आवाजाला धक्का लागत नाही.

मोबाइलवरच्या मुलाखतीत असे थर नसतातच. मुलाखत देणाऱ्या बाईंचे बोलणे, मागचा ओढा आणि कुदळीचा ठोका एकाच मायक्रोफोनमधून एकाच लहरीत मिसळून नोंदले जातात. मळलेल्या कणकेतून पाणी वेगळे काढावे, तसे हे काम आहे. तरीही ‘एक बटण दाबले की आवाज जातो’ हे इतक्या ठामपणे सांगितले जाते, की त्या बटणामागे नेमके काय घडते ते एकदा नीट पाहायलाच हवे.

पहिला प्रचलित उपाय कॅराओकेचा. गाण्यात गायकाचा आवाज डाव्या आणि उजव्या बाजूला सारखाच असतो. एक बाजू उलटी करून दुसरीत मिसळली, की दोन्हीकडे समान असलेले सगळे नाहीसे होते. मोबाइलच्या बहुतेक ध्वनिमुद्रणात मात्र दोन्ही बाजू जवळपास सारख्याच असतात. त्यामुळे बाईंच्या आवाजाबरोबर ओढाही जातो. हे पडताळणे सोपे आहे. Audacity मध्ये स्टीरिओ ट्रॅकच्या दोन बाजू वेगळ्या करून दोन्ही मोनो कराव्यात, एकीवर Invert लावावे आणि दोन्ही एकत्र ऐकाव्यात. शांतता ऐकू आली, तर त्या फाइलमध्ये खरी डावी-उजवी बाजू नव्हतीच.

दुसरा उपाय इक्वलायझरचा, म्हणजे माणसाच्या आवाजाची पट्टी कापण्याचा. बोलण्यातील समजण्याजोगा भाग साधारण १०० ते ४००० हर्ट्‌झ यांत असतो. वाहत्या पाण्याचा आणि पावसाचा आवाज त्याच पट्ट्यात आणि त्याच्याही वर पसरलेला असतो. ती पट्टी कापली, तर बोलणे कुजबुजल्यासारखे उरते आणि ओढ्याची फक्त वरची सळसळ शिल्लक राहते.

तिसरा उपाय आवाज वेगळा करणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरचा. त्याचा खरा उपयोग आहे, विशेषतः बोलण्यामागे स्वच्छ संगीत असेल तेव्हा. पण यांतील अनेक सॉफ्टवेअर गाण्यांतील गायन वेगळे काढण्यासाठी घडवलेली आहेत. उघड्यावरच्या मुद्रणात ती मागच्या अंगणातल्या मुलांचा गलबला आणि दूरची हाकही ‘बोलणे’ समजून काढून टाकतात. निकाल तपासायचा, तर बाई बोलत असतानाचा ओढा आणि त्या थांबल्यावरचा ओढा लागोपाठ ऐकावा. बोलण्याच्या जागी पाणी पातळ, धातूसारखे किंवा लाटालाटांनी येत असेल, तर तिथला पार्श्वध्वनी खराब झालेला आहे.

वस्तुस्थिती : बोलणे दाबायचे आणि पार्श्वध्वनी खालून पुन्हा भरायचा

मूळ बोलणे पुसण्याची गरजच नसते. रूढ पद्धत अशी : मूळ आवाज सुरुवातीचा सुमारे एक सेकंद पूर्ण ऐकू द्यायचा, म्हणजे कोण कोणत्या भाषेत बोलते ते कळते. मग तो १२ ते १५ डेसिबलने खाली न्यायचा आणि मराठी सुरू करायचे. मराठी वाक्य मूळ वाक्याच्या थोडे आधी संपवायचे आणि मूळ आवाज पुन्हा वर आणायचा, म्हणजे शेवटचा शब्द बाईंच्याच तोंडून ऐकू येतो. Audacity मधील Auto Duck हेच काम करते. त्यात मूळ ट्रॅक वर आणि मराठीचा ट्रॅक लगेच त्याच्या खाली ठेवून वरचा निवडावा लागतो. घट आधीपासून −१२ डेसिबल ठरवलेली असते.

इथेच बहुतेक काम बिघडते. मूळ ट्रॅक १५ डेसिबलने खाली गेला, की त्यातला ओढाही तितकाच खाली जातो. मराठी सुरू झाले की जंगल गायब आणि मराठी थांबले की जंगल हजर, असा खेळ कानाला लगेच खटकतो. उपाय सॉफ्टवेअरमध्ये नसून ध्वनिमुद्रणात आहे. त्याच जागी, त्याच मायक्रोफोनने, कोणीही न बोलता घेतलेला ध्वनी तिसऱ्या ट्रॅकवर अंथरायचा आणि मूळ आवाज दबतो तेवढ्याच भागात तो हळूच वर आणायचा. याला व्यवसायात रूम टोन म्हणतात, मग जागा खोली असो की शेत.

असा ध्वनी घेतलेला नसेल, तर मुलाखतीतील विराम जोडून तो तयार करता येतो, पण दोन अडचणी येतात. एक-दोन सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा लावला, तर त्याची आवर्तने ओळखू येतात, आणि त्यात कोंबडा आरवला असेल तर तो दर दोन सेकंदांनी आरवतो. म्हणून वेगवेगळे तुकडे एकमेकांवर थोडे चढवून निदान वीस-तीस सेकंदांची पट्टी करावी. दुसरी अडचण मोबाइलची. माणूस बोलू लागला की मोबाइल मुद्रणाची पातळी आपोआप कमी करतो आणि तो थांबला की वाढवतो. त्यामुळे विरामातला ओढा बोलण्याखालच्या ओढ्यापेक्षा मोठा असतो. पट्टी अंथरताना ती कानाने जुळवून खाली आणावी लागते.

कुदळीचा ठोका, कंद उपटल्याचा आवाज असे चित्राशी बांधलेले ध्वनी मात्र पट्टीतून भरता येत नाहीत. तो ठोका बोलण्याच्या मध्ये पडला असेल, तर मराठी वाक्य तिथे थांबेल असे लिहावे आणि तेवढ्यापुरता मूळ आवाज वर घ्यावा.

वेळ जुळवणे : एका वाक्याचे उदाहरण

समजा, बाई कोनफळ काढत दहा सेकंद बोलतात. सुरुवातीचा आणि शेवटचा मूळ आवाज सोडला, तर मराठीला सुमारे आठ सेकंद मिळतात. संथ निवेदनात सेकंदाला साधारण सहा-सात अक्षरे बसतात, म्हणजे एकूण पन्नासच्या आसपास. शब्दाला शब्द ठेवला तर वाक्य असे होते : ‘कोनफळ जमिनीतून काढताना ते सगळेच्या सगळे काढून घ्यायचे नाही, वेलाकडच्या टोकाचा थोडासा तुकडा तोडून पुन्हा त्याच खड्ड्यात पुरून ठेवायचा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी नवा वेल येतो.’ ही ८१ अक्षरे झाली. बारा सेकंदांहून कमी वेळात ती नीट वाचता येत नाहीत.

चित्रात कंद जमिनीतून निघताना दिसतोच, त्यामुळे ते सांगावे लागत नाही. तुकडा पुन्हा पुरायचा म्हटले, की सगळा कंद घ्यायचा नाही हे त्यात येते. मग वाक्य उरते : ‘कोनफळ काढताना वेलाकडचा तुकडा तोडून त्याच खड्ड्यात पुरायचा. पावसाळ्यात तिथेच नवा वेल येतो.’ ही ४२ अक्षरे. साडेसहा सेकंदांत ती आरामात बसतात आणि दोन वाक्यांच्या मध्ये ठोक्याला जागाही मिळते. ‘वेलाकडचा’ हा शब्द मात्र कापायचा नाही, कारण त्या टोकाला फुटवा चांगला येतो आणि बाईंच्या सांगण्याचा गाभा तोच आहे. संहिता मोजून झाली, तरी चित्र चालू ठेवून मोठ्याने वाचूनच ती पक्की करावी.

आणखी काही गैरसमज

‘ओठ जुळलेच पाहिजेत.’ व्हॉइस-ओव्हरमध्ये मूळ बोलणे खाली ऐकू येत असल्याने प्रेक्षक ओठ जुळण्याची अपेक्षा धरत नाही. वाक्य योग्य चित्रावर पडणे पुरेसे असते.

‘वाक्य मावत नसेल तर वेग वाढवावा.’ पाचेक टक्के वाढ सहसा कळत नाही. त्यापुढे निवेदकाची घाई ऐकू येते. वाक्यच कापावे.

‘आधी मूळ आवाजावर Noise Reduction लावावे.’ ते सलग चालणारा आवाज गोंगाट समजून काढते. ओढा आणि पाऊस नेमके तसेच आवाज आहेत, म्हणजे जे राखायचे तेच जाते.

‘मराठी आवाजाला शेतातल्यासारखा घुमारा द्यावा.’ देऊ नये. हा आवाज बाईंचा नसून अनुवाद सांगणाऱ्याचा आहे. तो कोरडा आणि जवळचा असावा. गोधड्या टांगलेली छोटी खोली त्याला पुरते.

‘कर्नाटकात डबिंगला कायद्याने बंदी आहे.’ असा कायदा कधीच नव्हता. कन्नडमध्ये डब होणाऱ्या चित्रपट-मालिकांना चित्रपट उद्योगातील संघटनांचा विरोध होता. भारतीय स्पर्धा आयोगाने जुलै २०१५ च्या आदेशात कर्नाटक चित्रपट वाणिज्य मंडळासह संबंधित संघटनांना त्याबद्दल दोषी धरून दंड केला. कर्नाटकातील व्हिडिओ मराठीत आणण्याशी त्या वादाचा संबंध नव्हता. मूळ व्हिडिओच्या हक्कधारकाची आणि बोलणाऱ्या व्यक्तीची परवानगी मात्र घ्यावीच लागते.

डबिंग करणाऱ्याच्या हाती व्हिडिओ येतो, तेव्हा यातले बरेचसे ठरून गेलेले असते. म्हणून मुलाखत संपल्यावर मोबाइल लगेच बंद करू नये. सर्वांनी गप्प उभे राहून त्याच जागचा एक मिनिट ध्वनी टिपावा. तो नंतर कोणत्याही बटणाने मिळत नाही.