ऑडिटच्या चाळीस पानांचा एक तक्ता

सोसायटीचा ऑडिट रिपोर्ट आला की कमिटीच्या बैठकीत बहुतेकांचे डोळे आधी वर्ग शोधतात. 'अ' की 'ब', एवढे कळले की फाइल कपाटात जाते. खरे काम असते ते आतल्या पानांवरच्या दोषांचे. त्यांची पूर्तता करायला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८२ प्रमाणे रिपोर्टच्या तारखेपासून तीन महिने मिळतात. तेवढ्या मुदतीत प्रत्येक दोषाचा खुलासा आणि दुरुस्ती 'ओ' नमुन्यात निबंधकांना कळवायची आणि पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवायची असते.

ही मुदत रिपोर्टवरच्या तारखेपासून धावते, तो आपल्या हातात पडल्याच्या दिवसापासून नव्हे. समजा, ४८ सदनिकांच्या एका सोसायटीचा रिपोर्ट २० जुलैचा आहे. पूर्ततेची शेवटची तारीख २० ऑक्टोबर. पण वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. ती २८ सप्टेंबरला ठरली, तर चौदा पूर्ण दिवस आधी, म्हणजे १३ सप्टेंबरपर्यंत, नोटीस निघायला हवी. सभेची मंजुरी लागणारा विषय त्या नोटिशीत नसेल, तर तो त्या सभेत घेता येत नाही. म्हणून सेक्रेटरीने डोळ्यांपुढे ठेवायची पहिली तारीख २० ऑक्टोबर नाही, १३ सप्टेंबर आहे.

आता सारांश. रिपोर्ट शेवटपर्यंत वाचून प्रत्येक दोष वेगळा लिहावा, सोबत पान आणि मुद्दा क्रमांक. एकच दोष दोन ठिकाणी आला असेल तर ओळ एकच ठेवून क्रमांक दोन्ही द्यावेत. दोष ऑडिटरच्या शब्दांना धरूनच लिहावा. 'व्हाउचर अपूर्ण' असे लिहिले तर कुणाला काही कळत नाही. 'दुरुस्तीच्या २७,४०० रुपयांच्या नऊ व्हाउचरना बिल जोडलेले नाही' असे लिहिले की खजिनदाराला कुठे हात घालायचा ते समजते.

यानंतर, दोष कशाने मिटेल ते विचारावे. आपल्या उदाहरणातल्या सोसायटीत चार दोष आहेत. नऊ व्हाउचरचा दोष कागदाने मिटेल: कंत्राटदाराकडून बिलांच्या प्रती मागवायच्या, खजिनदाराला मुदत १० ऑगस्ट. दुसरा सिंकिंग फंडाचा. बांधकाम खर्च एक कोटी वीस लाख, त्याच्या ०.२५ टक्के म्हणजे वर्षाला ३० हजार. दोन वर्षांचे ६० हजार गोळा झाले, पण बचत खात्यातच राहिले. इथे कागद पुरत नाही, पैसे मुदत ठेवीत टाकावे लागतात. मुदत ३१ ऑगस्ट, पुरावा ठेवपावती. तिसरा, दोन लाख दहा हजारांच्या रंगकामाला सर्वसाधारण सभेची मंजुरी घेतलेली नाही. हा कमिटीच्या हातातला नाहीच. तो १३ सप्टेंबरच्या नोटिशीत गेला पाहिजे.

चौथा दोष, 'थकबाकीदारांना नोटिसा दिल्या नाहीत', मात्र चुकीचा आहे. नोटिसा गेल्या होत्या, पण त्यांची फाइल ऑडिटरला दाखवली गेली नव्हती. अशा वेळी मान डोलावून 'पुढे काळजी घेऊ' लिहू नये. कायद्याने खुलासाही मागितला आहे. नोटिसांच्या प्रती आणि पोच जोडून स्पष्ट लिहावे.

सर्वांत जपून भरायचा रकाना 'सद्यस्थिती'चा. मी सेक्रेटरी असताना पहिल्या वर्षी त्यात बहुतेक ओळींपुढे 'कार्यवाही सुरू आहे' असे लिहिले होते. पुढच्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये त्यांतले बरेचसे दोष जसेच्या तसे परत आले, शेजारी 'मागील दोषाची पूर्तता नाही' असा शेरा. तेव्हापासून मी तीनच शब्द वापरतो: पूर्ण, अंशतः, बाकी. 'पूर्ण' लिहायचे तर शेजारी पावती, ठराव किंवा पत्राचा क्रमांक आणि तारीख हवीच. 'अंशतः' असेल तर किती झाले ते आकड्यात: नऊपैकी सहा बिले मिळाली, १९,२०० रुपयांची, तीन राहिली, ८,२०० रुपयांची. 'बाकी' असेल तर कुणाकडे अडले ते.

हा तक्ता दर मासिक बैठकीत वाचावा. तारीख हुकली तर जुनी तारीख खोडू नये. खाली नवी लिहून कारण नोंदवावे. दोनदा तारीख सरकलेली ओळ कमिटीला लगेच दिसते, आणि पूर्तता अहवाल लिहायच्या दिवशी नव्याने काही शोधावे लागत नाही. तक्त्यातल्या ओळी क्रमाने 'ओ' नमुन्यात उतरवायच्या, प्रती जोडायच्या आणि निबंधक कार्यालयाची पोच घेऊन ती फाइलला लावायची. पुढच्या ऑडिटच्या वेळी आधी हीच फाइल ऑडिटरच्या टेबलावर ठेवावी.