रजिस्टरमधला टिंब आणि ताईंचे १३१ रुपये

पगाराच्या हिशोबावरचा व्हिडिओ बघितला असेल तर त्यातलं तासांचं गणित मी दोन मिनिटांत उरकलं होतं हे आठवत असेल. ते जरा घाईचं झालं. आज तेवढंच घेऊन बसू, कारण त्यात मी स्वतः फसलोय. तेही हातात कॅल्क्युलेटर असताना आणि भिंतीवर बीबीएचं सर्टिफिकेट टांगलेलं असताना.

माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की वह्या-पुस्तकांना कव्हर घालण्यापासून ते पार्सल उघडण्यापर्यंत इतकं काम पडतं की नेहमीची दोन माणसं पुरत नाहीत. मग मी शेजारच्या एका ताईंना तासावर बोलावतो, तासाला ८० रुपये. घरचं आवरून त्या येतात, त्यामुळे रोजची वेळ वेगळी. रजिस्टरमध्ये रोज किती वेळ काम झालं ते मी लिहायचो आणि शनिवारी संध्याकाळी बेरीज करून पैसे द्यायचो.

त्या आठवड्याचे आकडे असे होते: सोमवार ७.४५, मंगळवार ६.५०, बुधवार ८.२०, गुरुवार ५.५५, शुक्रवार ७.४०, शनिवार ८.३५. कॅल्क्युलेटरवर बेरीज केली, ४३.४५ आली. गुणिले ८०, म्हणजे ३४७६ रुपये. नोटा मोजून पुढे केल्या.

ताईंनी नोटा हातात घेतल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, माझे पंचेचाळीस तास होतात. तुम्ही त्रेचाळीस कसे धरले?"

मी म्हटलं, "ताई, कॅल्क्युलेटरवर केलंय हो, चुकणार कसं?"

त्यांनी कॅल्क्युलेटरकडे बघितलंसुद्धा नाही. घरी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात त्या रोजचे तास लिहून ठेवत होत्या, आणि बेरीज तोंडी करून आल्या होत्या. त्यांनी ती माझ्यासमोर परत केली: "पावणेआठ आणि सात, पावणेपंधरा. त्यात सव्वाआठ, तेवीस. सहा घातले, एकोणतीस. साडेसात, साडेछत्तीस. साडेआठ, पंचेचाळीस. मिनिटं इकडची तिकडे होतील, पण दोन तास कुठे जातील?"

दोन तास खरंच कुठे गेले होते ते शोधायला मला कागद घ्यावा लागला. नुसते तास मोजले: ७, ६, ८, ५, ७ आणि ८, एकूण ४१. मग नुसती मिनिटं: ४५, ५०, २०, ५५, ४० आणि ३५, एकूण २४५. आता २४५ मिनिटांत साठ किती वेळा जातात? चार वेळा, म्हणजे २४० गेले, ५ उरले. चार तास हातचे घेतले. ४१ आणि ४, एकूण ४५ तास ५ मिनिटं.

कॅल्क्युलेटरने काय केलं? त्याच्या दृष्टीने टिंबानंतरचे आकडे म्हणजे शंभरातले भाग. २४५ मिनिटांचे त्याने २.४५ केले. म्हणजे शंभर मिनिटं भरल्यावर एक तास! चार हातचे मिळायचे तिथे दोनच मिळाले. त्याचा दोष नाही, मी त्याला रुपये-पैसे असल्यासारखे आकडे दिले होते.

मूळ घोटाळा आपल्या लिहिण्याच्या सवयीत आहे. लग्नपत्रिकेत मुहूर्त ११.५५ छापतात, दुकानाच्या पाटीवर आपण सकाळी ९.३० लिहितो. वाचताना कुणाची गल्लत होत नाही. पण साडेसात रुपये लिहायचे तर ७.५०, आणि साडेसात तास लिहायचे तर ७.३०. टिंब एकच, अर्थ दोन. कॅल्क्युलेटरला फक्त पहिला अर्थ कळतो. ताईंचं बरोबर आलं कारण पाव, अर्धा, पाऊण हे शब्द तासालाही चालतात आणि रुपयालाही. पावणेआठ म्हणजे पूर्ण आठला पाव कमी, मग ते काहीही असो.

माझ्या आजोबांच्या जुन्या खतावणीत रुपये, आणे, पै असे तीन वेगळे रकाने आहेत. १९५७ मध्ये दशमान पैसे आले, त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. आजोबा आण्यांची बेरीज वेगळी करायचे, सोळा भरले की एक रुपया हातचा. टिंब देऊन सगळं एका ओळीत लिहायचा प्रश्नच नव्हता. तासांचा हिशोब आजही तसाच आहे, फक्त सोळाच्या जागी साठ. म्हणून आता माझ्या रजिस्टरमध्ये 'ता.' आणि 'मि.' असे दोन रकाने आखलेत. मध्ये उभी रेघ आहे, टिंबाला जागाच नाही.

बेरीज बरोबर आली म्हणजे काम संपलं असं समजू नका, कारण पैसे काढताना हीच चूक दुसऱ्यांदा होते. ४५ तास ५ मिनिटं झाले म्हणून ४५.०५ गुणिले ८० केलं तर ३६०४ येतात. खरे पैसे किती? ४५ तासांचे ३६००. पाच मिनिटांचे, ५ भागिले ६० गुणिले ८०, म्हणजे ६ रुपये ६७ पैसे. एकूण ३६०६.६७, सरळ ३६०७ द्यायचे. इथे फरक तीनच रुपयांचा दिसतो, कारण वरची मिनिटं पाचच आहेत. तेच ४५ तास ५० मिनिटं असते तर ४५.५० धरून ३६४० दिले असते आणि खरे ३६६६.६७ होतात. मला सगळ्याची मिनिटं करणं सोपं वाटतं: ४५ गुणिले ६० अधिक ५, म्हणजे २७०५ मिनिटं. गुणिले ८०, भागिले ६०. राउंड करायचं ते एकदाच, अगदी शेवटी.

म्हणजे त्या शनिवारी मी ताईंना १३१ रुपये कमी देत होतो. आणि ही चूक कधी इकडे कधी तिकडे होऊन आपोआप फिटत नाही. मिनिटांना साठाऐवजी शंभराने भागलं की उत्तर नेहमी कमीच येतं, त्यामुळे नुकसान दरवेळी काम करणाऱ्याचंच. मी त्याच संध्याकाळी मागचे तीन आठवडे काढून बसलो. त्या तिन्ही आठवड्यांची तासांवरची सुटी मिनिटं ६१५ भरली. खरे सव्वादहा तास, मी धरलेले ६.१५. चार तास सहा मिनिटांचे ३२८ रुपये मी कापून घेतले होते. आधीचे ३२८ आणि त्या आठवड्याचे पूर्ण ३६०७ असे पैसे दिले. ताई हसल्या, "राहू द्या दादा, चुकून झालं." पण घेतले. घ्यायलाच हवे होते.

आता मालकाचं नुकसान कधी होतं? वजाबाकीत. माणूस सकाळी ९:५० ला आला आणि संध्याकाळी ६:०५ ला गेला. चोवीस तासांच्या घड्याळात ते झाले १८:०५. कॅल्क्युलेटरवर १८.०५ वजा ९.५० केलं तर ८.५५ येतं, आणि आपण बिनधास्त '८ तास ५५ मिनिटं' लिहून मोकळे होतो. खरं उत्तर काढायचं तर ५ मधून ५० जात नाहीत म्हणून एक तास उसना घ्या. तो तास साठ मिनिटांचा, म्हणून १८:०५ चे झाले १७ तास ६५ मिनिटं. त्यातून ९ तास ५० मिनिटं गेली, राहिले ८ तास १५ मिनिटं. फरक बरोबर ४० मिनिटांचा, म्हणजे शंभर आणि साठमधला. उसना घ्यावा लागला की दरवेळी हीच ४० मिनिटं जादा लागतात. कधी उत्तर ४.६५ असं येतं तेव्हा ६५ मिनिटं बघून शंका तरी येते. ८.५५ मात्र साळसूद दिसतं, तिथेच माणूस फसतो.

याच्या उलट प्रकार आमच्या बॅचमधल्या एका पार्लरवाल्या मॅडमकडे झाला. त्यांच्या हजेरी मशीनच्या रिपोर्टमध्ये एका मुलीचे तास ८.७५ होते. मॅडमनी ७५ मिनिटं म्हणजे सव्वा तास धरून सव्वानऊ तासांचे पैसे दिले. मशीनचं म्हणणं पावणेनऊ होतं. असा रिपोर्ट हातात आला की आधी महिनाभराच्या रकान्यावरून नजर फिरवा. टिंबानंतर कुठेही ६० ते ९९ मधला आकडा दिसला तर तो रिपोर्ट दशांशातला आहे, टिंबानंतरचा भाग मिनिटं नाहीत. सगळीकडे .१५, .३०, .४५ असेच आकडे असतील तर बहुतेक मिनिटं आहेत. खात्री करायची तर एका दिवसाची येण्या-जाण्याची वेळ घेऊन हाताने ताडून बघा.

एक्सेल वापरणाऱ्यांनी वेळ टिंबाने नाही, कोलनने टाकायची: 7:45. मग बेरीज साठानेच होते. पण तिथे एक गंमत आहे. B2 ते B7 मध्ये वरचेच सहा दिवस टाकून B8 मध्ये बेरीज केली तर साध्या वेळेच्या फॉरमॅटमध्ये 21:05 दिसतं! घाबरू नका, बेरीज बरोबर आहे. घड्याळ चोवीसनंतर पुन्हा शून्यावर येतं तसं एक्सेलने २४ तास लपवले आहेत, ४५:०५ मधून २४ गेले की २१:०५ उरतात. सेलच्या कस्टम फॉरमॅटमध्ये `[h]:mm` लिहा, चौकटी कंसासकट, की 45:05 दिसेल. गुगल शीटमध्ये हेच काम Format, मग Number, मग Duration असं होतं.

पैशांसाठी B8 ला थेट ८० ने गुणायचं नाही. एक्सेल आतल्या आत वेळ दिवसांत साठवतं, एक पूर्ण दिवस म्हणजे १. म्हणून आधी २४ ने गुणून तास करायचे:

```
=SUM(B2:B7)
=B8*24*80
```

दुसऱ्या सेलमध्येही वेळेसारखं काहीतरी विचित्र दिसलं तर त्याचा फॉरमॅट Number करा, 3606.67 दिसेल.

रात्रपाळी असेल, म्हणजे दहाला येऊन सकाळी सव्वासहाला जाणारा वॉचमन किंवा बेकरीतला कारागीर, तर जाण्याची वेळ येण्याच्या वेळेपेक्षा लहान असते आणि नुसत्या वजाबाकीत एक्सेल सेलभर #### दाखवतं. येण्याची वेळ C2 मध्ये आणि जाण्याची D2 मध्ये असेल तर हे टाका, ८ तास १५ मिनिटं बरोबर येतील:

```
=MOD(D2-C2,1)
```

कागदावर करत असाल तर मध्यरात्रीपाशी दोन तुकडे पाडा. दहा ते बारा दोन तास, बारा ते सव्वासहा सहा तास पंधरा मिनिटं. ताईंना यंदा मी रजिस्टरचं पान दर शनिवारी आधी दाखवतो, त्या कॅलेंडरशी ताडून बघतात, मग खाली दोघांच्या सह्या होतात. गेल्या शनिवारी माझ्या बेरजेत दहा मिनिटं त्यांच्या बाजूने जास्त लागली होती. तीही त्यांनीच दाखवली.